उत्तरात ३२७ आले, तरी गणित चुकले होते: वायू नियमांवरचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण अकरावीच्या रसायनशास्त्राच्या एका वर्गातले आहे. विद्यार्थिनी हुशार, हात नीटनेटका, आकडेमोडीत सहसा न चुकणारी. वर्गशिक्षिका माझ्या सहकारी. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. गणिते मात्र तिने वहीत सोडवली तशीच ठेवली आहेत, कारण सगळे प्रकरण त्या आकड्यांतच दडलेले आहे.

वायू नियमांची सुरुवात नेहमीप्रमाणे बॉइलच्या नियमाने झाली होती. तापमान स्थिर असेल तर दाब आणि आकारमान व्यस्त प्रमाणात असतात, म्हणजे P₁V₁ = P₂V₂. पहिल्याच गणितात २५० मिलिलिटर वायूचा दाब ७६० मिमी पाऱ्यावरून ५०० मिमीवर आणायचा होता. मिमीचे वातावरण दाबात रूपांतर करायचे का, असे कुणीतरी विचारले. शिक्षिका म्हणाल्या, "गरज नाही. दोन्ही बाजूंना एकच एकक असले की झाले." उत्तर आले ३८० मिलिलिटर. वातावरण दाबात करून पाहिले तरी तेच आले असते. सल्ला अगदी बरोबर होता आणि विद्यार्थिनीने तो मनाशी पक्का धरला.

पुढच्या आठवड्यात चार्ल्सचा नियम आला. V₁/T₁ = V₂/T₂ हे सूत्र फळ्यावर लिहिताना "T म्हणजे केल्विन" हेही सांगितले गेले. विद्यार्थिनीच्या वहीत ते वाक्य लाल शाईने लिहिलेले सापडते. ऐकले नाही किंवा विसरली, असा प्रकार इथे नव्हता.

अडचण

पहिल्या चाचणीत एक छोटा प्रश्न होता: स्थिर दाबाला २७ °से तापमानाच्या वायूचे आकारमान दुप्पट केले, तर अंतिम तापमान किती? विद्यार्थिनीने लिहिले:

T₂ = २७ × २ = ५४; ५४ + २७३ = ३२७ के.

योग्य उत्तर ६०० के, म्हणजेच ३२७ °से. आदर्श उत्तरपत्रिकेत सेल्सिअसमधला आकडा छापला होता. तपासताना शिक्षिकेच्या नजरेला ३२७ दिसले आणि शेजारी चुकीचे एकक. त्यांनी एककाचा अर्धा गुण कापला आणि पान उलटले. कुणीही हेच केले असते.

पण हा आकडा जुळला कसा? तापमान t °से असेल आणि आकारमान दुप्पट होत असेल, तर बरोबर रीतीने सेल्सिअसमध्ये उत्तर येते २(t + २७३) − २७३, म्हणजे २t + २७३. विद्यार्थिनीच्या रीतीने येते २t + २७३. दोन्ही राशी हुबेहूब सारख्या! सुरुवातीचे तापमान कोणतेही घ्या, "दुप्पट" म्हटले की चुकीच्या वाटेने आलेला केल्विनमधला आकडा आणि योग्य वाटेने आलेला सेल्सिअसमधला आकडा एकच असतो. दुप्पट करण्याचे गणित तर प्रत्येक गणितसंग्रहात असतेच, म्हणजे हा सापळा सगळीकडेच मांडून ठेवलेला आहे. मी स्वतः तो असा मांडून पाहीपर्यंत मला योगायोगच वाटत होता.

पुढच्या गृहपाठात ती चूक उघडी पडली. तिथे आकारमान तिप्पट करायचे होते. सुरुवात पुन्हा २७ °से. तिने लिहिले ८१ + २७३ = ३५४ के. योग्य उत्तर ९०० के, म्हणजे ६२७ °से. आता कशाचा कशाला मेळ नव्हता. त्याच गृहपाठातले आणखी एक गणित: ३०० मिलिलिटर वायू स्थिर दाबाला २७ °से वरून ७७ °से पर्यंत तापवला, तर नवे आकारमान किती? तिने ३०० × ७७/२७ करून ८५५.६ मिलिलिटर लिहिले. योग्य उत्तर ३०० × ३५०/३०० = ३५० मिलिलिटर.

इथे २७३ कुठेच नाही, तिप्पटच्या गणितात मात्र शेवटी आहे. शिक्षिकेला आधी ही बेपर्वाई वाटली. आम्ही दोघांनी वही शेजारी ठेवून पाहिले तेव्हा लक्षात आले की यात एक ठाम नियम आहे. तापमान विचारले असेल तर शेवटी २७३ मिळवायचे, कारण "उत्तर केल्विनमध्ये हवे". आकारमान विचारले असेल तर मिळवायचे नाही, कारण उत्तरात तापमानच नाही. तिच्या लेखी केल्विन हे उत्तराला शेवटी जोडायचे एकक होते. मिलिलिटरमध्ये सगळे करून शेवटी हजाराने भागून लिटर करतात ना, तसेच.

विचारल्यावर तिने तेच सांगितले. "मॅडम, दोन्हीकडे सेल्सिअसच आहे ना? मग एकक कटतंच की. तुम्हीच म्हणाला होता."

काय काय करता आले असते

शिक्षिकेपुढे पहिला मार्ग सोपा होता: प्रत्येक गणिताच्या पहिल्या ओळीत T = t + २७३ लिहायची सक्ती. गुण लगेच वाढतात आणि परीक्षेच्या दृष्टीने तेवढे पुरतेही. पण विद्यार्थिनीचा आक्षेप त्याने मिटत नव्हता. दाबाला जे चालते ते तापमानाला का चालत नाही, हा तिचा प्रश्न रास्त होता. त्याला "चालत नाही म्हणजे नाही" असे उत्तर दिले, तर ती नियम पाळेल आणि पहिल्या वेगळ्या गणिताला पुन्हा अडखळेल. आणखी एक धोका माझ्या डोळ्यांसमोर होता. सक्तीने शिकलेली मुले "तापमान ३० अंशांनी वाढले" या वाक्यातल्या तिसालाही २७३ चिकटवतात.

दुसरा मार्ग आलेखाचा. निरनिराळ्या तापमानांना मोजलेले आकारमान मांडायचे, रेषा मागे वाढवायची आणि ती −२७३ °से च्या आसपास शून्याला मिळते हे दाखवायचे. निरपेक्ष शून्याची कल्पना अशीच शिकवली जाते आणि ती पद्धत चांगलीच आहे. पण आलेखातून "२७३ कुठून आले" हे कळते. "आधीच का मिळवायचे, शेवटी का नाही" हे त्यातून आपोआप उमगेलच असे नाही. तिची गाठ दुसऱ्या प्रश्नात होती.

तिसरा मार्ग तिच्याच युक्तिवादाला शेवटपर्यंत जाऊ देण्याचा. एकक कटते असे ती म्हणते ना? मग एकक बदलून पाहू. खरोखर कटत असेल तर उत्तर बदलता कामा नये.

आम्ही तिसऱ्या मार्गाने सुरुवात करून आलेख त्याच्या पाठीशी ठेवायचे ठरवले. इथे शिक्षिकेने एक निर्णय घेतला तो मला फार मोलाचा वाटतो. "एकच एकक असले की झाले" हे आपले जुने वाक्य त्यांनी मागे घेतले नाही. ते दाबाच्या बाबतीत खरेच होते. त्याची मर्यादा कुठे संपते हे मुलीलाच शोधू द्यायचे, असे त्यांनी ठरवले.

काय केले

तेच ३०० मिलिलिटरचे गणित घेतले. २७ °से म्हणजे ८०.६ फॅरनहाइट आणि ७७ °से म्हणजे १७०.६ फॅरनहाइट. दोन्ही बाजूंना फॅरनहाइटच, म्हणजे तिच्या नियमाप्रमाणे सगळे रीतसर. ३०० × १७०.६/८०.६ केल्यावर उत्तर आले सुमारे ६३५ मिलिलिटर.

सेल्सिअसने ८५५.६, फॅरनहाइटने ६३५. वायू तोच, तापवणे तेवढेच, फक्त तापमापीवरच्या खुणा बदलल्या. शिक्षिकेने एवढेच विचारले की सिलिंडरमधला दट्ट्या नक्की कुठे थांबेल? विद्यार्थिनी बराच वेळ आकडेमोड तपासत राहिली. तिला ती चूक आकडेमोडीत सापडायला हवी होती आणि तिथे ती नव्हती.

मग बॉइलचे जुने गणित वातावरण दाबात करून पाहिले. ७६० मिमी म्हणजे १ वातावरण, ५०० मिमी म्हणजे ०.६५८ वातावरण. २५० ÷ ०.६५८ केले की पुन्हा ३८० मिलिलिटरच. इथे एकक बदलूनही उत्तर हलले नाही.

दोन रूपांतरे शेजारीशेजारी लिहिल्यावर फरक दिसायला वेळ लागला नाही. मिमीचे वातावरण करताना आपण दोन्ही दाबांना एकाच संख्येने भागतो. गुणोत्तरात तो भाजक वर आणि खाली सारखाच असल्याने निघून जातो. सेल्सिअसचे केल्विन करताना मात्र आपण मिळवतो. (७७ + २७३)/(२७ + २७३) या अपूर्णांकातले २७३ वर-खाली दोन्हीकडे असले तरी कटत नाही, कारण ते गुणक नाही, बेरजेतले पद आहे. अपूर्णांकातली बेरजेची पदे खोडायची नसतात हे ती सातवीपासून जाणत होती. ते इथेही लागू आहे, हा दुवा फक्त जोडायचा राहिला होता.

शिक्षिकेने याला एका चित्राची जोड दिली. दोन खांब जमिनीत पुरले आहेत. एक २७ सेंटिमीटर वर दिसतो, दुसरा ७७. दोघांचा २७३ सेंटिमीटर भाग मातीखाली आहे. दुसरा खांब पहिल्यापेक्षा ५० सेंटिमीटर लांब आहे हे वरूनच सांगता येते. पण तो पहिल्याच्या किती पट आहे हे सांगायचे असेल, तर मातीखालचा भाग धरावाच लागेल. चार्ल्सचा नियम "किती पट" विचारतो. आणि जमिनीची पातळी कुठे आहे हे वायूच्या दृष्टीने निव्वळ योगायोग आहे: सेल्सिअस मापात ती बर्फाच्या वितळणबिंदूला ठेवली आहे, कारण पाणी सोयीचे होते.

आता आलेखाची वेळ झाली होती, आणि या गणिताचे आकडे त्याला फार सोयीचे आहेत. २७ °से ला ३०० मिलिलिटर, ७७ °से ला ३५०. म्हणजे ५० अंशांना ५० मिलिलिटर, अंशाला एक. याच चालीने मागे गेलो तर ० °से ला २७३ मिलिलिटर, −२३ °से ला २५० आणि −२७३ °से ला शून्य. विद्यार्थिनीने तक्ता केला आणि मिलिलिटरच्या रकान्यातले आकडे केल्विनच्या रकान्यातल्यासारखेच आहेत हे तिनेच दाखवले. (आकडे मुद्दाम निवडले म्हणून हे होते. दुसऱ्या कुठल्या आकारमानाने सुरुवात केली असती तर आकडे वेगळे असते, पण शून्याची जागा तीच राहिली असती.) प्रत्यक्षात कोणताही वायू तिथवर वायू राहत नाही, आधीच द्रवरूप किंवा घनरूप होतो. ती रेषा शून्याला भिडते ती केवळ वाढवलेली रेषा म्हणून, हेही तेव्हाच सांगितले.

तिने मग एक चांगला प्रश्न विचारला. केल्विनच का? फॅरनहाइटच्या अंशांनी त्याच शून्यापासून मोजले तर? तसे माप आहे, रँकिन नावाचे. त्यात फॅरनहाइटमध्ये ४५९.६७ मिळवतात. ३०० × ६३०.२७/५४०.२७ केले की पुन्हा ३५० मिलिलिटर. म्हणजे अंशाचा आकार केवढा हे गौण, मोजणी खऱ्या शून्यापासून व्हायला हवी. १८४८ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी निरपेक्ष मापनश्रेणी मांडली. वायूंच्या प्रसरणावरचे गे-ल्युसाक यांचे निष्कर्ष १८०२ चे. मधली शेहेचाळीस वर्षे वायूंची गणिते अडून राहिली नव्हती. "० °से ला असलेल्या आकारमानाचा अमुक इतका भाग दर अंशाला वाढतो" अशी मांडणी करून लोक काम भागवत होते. ती मांडणी बरोबर आहे, फक्त लांबलचक आहे. केल्विन वापरल्याने तेच एका गुणोत्तरात मावते.

शेवटी दोन छोटी गणिते तिला जुन्या रीतीने करायला दिली. पहिले: २०० मिलिलिटर वायू ० °से वरून १० °से ला आणा. गणकयंत्राने शून्याने भागायला नकार दिला. दुसरे संयुक्त नियमाचे: ६०० मिलिलिटर वायू, ७५० मिमी दाब, २७ °से, दाब ५०० मिमी आणि तापमान −२३ °से केले तर? सेल्सिअस घालून उत्तर आले उणे ७६७ मिलिलिटर. मग केल्विन घालून तेच पुन्हा सोडवले:

V₂ = (७५० × ६०० × २५०) ÷ (३०० × ५००) = ७५० मिलिलिटर

दाब मिमीतच राहिला, आकारमान मिलिलिटरमध्येच राहिले, तापमान तेवढे बदलले. तिच्या मूळ प्रश्नाचे उत्तर या एका ओळीत होते.

निष्पत्ती

पुढच्या चाचणीत विद्यार्थिनीची वायू नियमांची गणिते बरोबर आली, एक सोडून. त्या गणितात २७ °से ला असलेल्या वायूचे तापमान ३० अंशांनी वाढवायचे होते. तिने ३० + २७३ = ३०३ हे अंतिम तापमान धरले. योग्य तापमान ३३० के. ज्या धोक्यापायी सक्तीचा मार्ग टाळला होता तोच दुसऱ्या वाटेने समोर आला. खांबांचे चित्र आठवायला सांगितल्यावर तिने स्वतःच दुरुस्त केले: फरक हा वरूनच मोजता येतो, त्यात मातीखालचा भाग येत नाही. सेल्सिअसमधला ३० अंशांचा फरक म्हणजे केल्विनमधलाही ३०.

तिने आणखी एक सवय लावून घेतली, आणि मला ती सूत्रापेक्षा उपयोगी वाटते. साधारण ३०० केल्विनच्या आसपास तीन अंश म्हणजे एक टक्का. २७ वरून ७७ पर्यंत जाताना ५० अंश वाढतात, म्हणजे आकारमान सोळा-सतरा टक्के वाढायला हवे. ३०० चे ८५५ झाले तर ते जवळपास तिप्पट आहे. उत्तर लिहिण्याआधीच शंका यायला हवी. ही अटकळ तोंडी करता येते आणि केल्विन करायचे राहिले असेल तर तिथेच उघडे पडते.

दाबाबद्दलचा तिचा विश्वास मात्र एकदा डळमळला, आणि ते बरेच झाले. टायरमधल्या हवेच्या एका गणितात दाबमापीचे वाचन २.० बार दिले होते, तापमान २७ वरून ५७ °से झाले आणि टायरचे आकारमान स्थिर मानायचे होते. तिने २.० × ३३०/३०० करून २.२ बार लिहिले. पण टायरची दाबमापी बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे तेवढेच दाखवते. वातावरणाचा सुमारे १ बार धरला तर खरा दाब ३.० बार, तापल्यावर ३.३, आणि मापीवर दिसणार २.३. दाबमापीचे शून्य हेही सेल्सिअसच्या शून्यासारखेच सोयीने ठेवलेले आहे. हे तिला सांगावे लागले नाही. "इथेही खांब पुरलाय" असे ती स्वतःच म्हणाली.

पुन्हा करायचे झाले तर

पहिला बदल प्रश्नपत्रिकेत. प्रश्न काढताना नेहमीची चुकीची रीत वापरून उत्तर काढून पाहावे आणि ते योग्य उत्तराच्या जवळ येत असेल तर आकडे बदलावेत. "दुप्पट" चा प्रश्न निदान करायच्या चाचणीत ठेवूच नये. तिप्पट किंवा दीडपट ठेवावे. वर दिलेले −२३ °से चे संयुक्त गणितही या कसोटीवर नापास होते. उणे चिन्ह गाळून ७६७ लिहिणारा विद्यार्थी ७५० च्या इतका जवळ पोहोचतो की, घाईत तपासणाऱ्याला ती आकडेमोडीतली किरकोळ चूक वाटेल. समोर बसून चर्चा करायला ते गणित उत्तम, उत्तरपत्रिकेत नको.

दुसरा बदल तपासण्यात. तापमानाच्या उत्तरात आकडा बरोबर आणि एकक चूक दिसले, तर अर्धा गुण कापण्याआधी वरची ओळ वाचावी. २७३ कोणत्या ओळीत मिळवले आहे यावरून मुलाच्या मनातली केल्विनची कल्पना कळते. किंमती घालायच्या आधी मिळवले असेल तर एककाची चूक ही नुसती एककाचीच चूक असते.

तिसऱ्या बदलाबद्दल आमच्यात मतभेद आहेत. मला वाटते, बॉइलच्या धड्यातच "एकच एकक पुरे, जर त्या मापाचे शून्य म्हणजे खरोखर काहीच नसणे असेल तर" असे पूर्ण वाक्य सांगावे. शिक्षिकेच्या मते त्या टप्प्यावर ही पुस्ती कुणाच्याच डोक्यात शिरणार नाही. अर्धे वाक्य देऊन, फॅरनहाइटचे गणित चार्ल्सच्या पहिल्याच तासाला सगळ्या वर्गाकडून करून घ्यावे, म्हणजे ८५५ आणि ६३५ हे दोन आकडे प्रत्येकाच्या वहीत समोरासमोर येतील. यंदाच्या वर्गात त्या तसेच करणार आहेत. २७३ घ्यायचे की २७३.१५ हा प्रश्न त्यांनी पुढच्या तासाला ठेवला आहे. या गणितात २७३.१५ घेतले तर उत्तर ३५० ऐवजी ३४९.९८ येते, तेव्हा घाई कशाचीच नाही.